वाटणीची यादी: एकर, आर, गुंठे एकाच रकान्यात, बेरीज चुकतेय का?

दादर_ज्वारी (अमळनेर तालुका)

राम राम मंडळी. आमच्याकडे वाटणीचं चाललंय. वडील आणि दोन काका, तीन हिस्से. शेतं चार. चुलतभावाने एक्सेलमध्ये यादी केली, खाली बेरीज घेतली आणि तिला ४३५६० ने गुणून सगळं चौरस फुटात आणलं, म्हणजे तीन समान भाग पाडायला सोपं. यादी अशी आहे:

थोरलं शेत १.२१
मळा १.२५
नाल्याकाठचं २.३
पांढरीचं ०.३५
बेरीज ५.११, म्हणजे २,२२,५९२ चौ.फू.

आता भानगड अशी की मोठे काका जन्मभर "आपली आठ एकर वर थोडी" असं सांगत आलेत आणि यादीत पाच एकर निघतेय. काका म्हणतात संगणकाने तीन एकर खाल्ली. चुलतभाऊ म्हणतो काकांना आठवत नाही, आकडा खोटं बोलत नाही. रात्री जेवताना चांगलंच वाजलं. नक्की कोण बरोबर?

केळीबाग (रावेर)

साधं आहे भाऊ. एकर, गुंठे, आर यांत कशाला अडकता? गुंठा आणि आर एकच असतो, १ आर म्हणजे १ गुंठा. सगळं गुंठ्यात करा आणि १००० ने गुणा. आमच्याकडचे प्लॉटवाले गुंठ्याला १००० फूटच धरतात. झालं काम.

दादर_ज्वारी

मग थोरलं शेत १२१ गुंठे झालं, पण मळा १.२५ म्हणजे १२५ गुंठे? मळा तर थोरल्या शेताच्या निम्म्याच्या आसपास आहे, नजरेला दिसतं.

साखळी_३३ (धुळे, भूमापनात नोकरी झाली, आता घरी)

केळीबाग, अर्धं बरोबर बोललात, पण राहिलेल्या अर्ध्यात घर बुडेल. आर आणि गुंठा जवळजवळचे आहेत, एक नाहीत. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. आमच्या जुन्या साखळीची लांबीच ३३ फूट, त्यावरूनच माझं इथलं नाव. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौ.फू. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौ.मी., म्हणजे १०७६.३९ चौ.फू. एका आरामागे साडेबारा फुटांचा फरक. बांधावर उभं राहून बोलताना चालतो. पण १२१ आर हे १२१ गुंठे धरून गुणलं तर १५२६ चौ.फू. जास्तीचे येतात, म्हणजे जवळपास दीड गुंठा हवेत. आणि १००० धरलं तर उलटीकडे, गुंठ्यामागे ८९ फूट गेले. प्लॉटवाला १००० धरतो तो त्याच्या सोयीने.

पण दादरभाऊ, तुमच्या यादीत ही चूक नाहीच. तुमची चूक फार मोठी आहे. मला आधी दोन गोष्टी सांगा. ही चार क्षेत्रं कुठून उतरवली? आणि नाल्याकाठच्या शेतापुढे वहीत २.३ लिहिलंय की आणखी काही?

दादर_ज्वारी

थोरल्या शेताचा सातबारा हाताशी होता, त्यावरून १.२१ घेतलं. बाकी तीन आजोबांच्या वहीतून. वहीत नाल्याकाठचं "२-३०" असं आहे, मधे आडवी रेघ. मळा "१-२५", पांढरीचं "०-३५".

चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, आधी त्याने वहीसारखंच 1-25 टंकलं होतं, तर खान्यात Jan-25 आलं आणि 2-30 चं Feb-30 झालं. एक्सेलला ती तारीख वाटली. म्हणून त्याने रेघ काढून टिंब दिलं.

साखळी_३३

वाटलंच होतं. रेघेच्या जागी टिंब दिलं तिथेच घात झाला. हळूहळू सांगतो.

आजोबांच्या वहीतलं "१-२५" म्हणजे १ एकर २५ गुंठे. एकरात ४० गुंठे असतात, १०० नव्हे. तुम्ही टिंब दिल्यावर एक्सेल त्याला सव्वा एकर समजला. सव्वा एकर म्हणजे १ एकर १० गुंठे. तुमचे १५ गुंठे तिथेच गेले. "२-३०" म्हणजे २ एकर ३० गुंठे, पावणेतीन एकर. एक्सेलने शेवटचं शून्य गिळून २.३ केलं आणि ते जेमतेम २ एकर १२ गुंठे झालं. यादी वाचणाऱ्याला तर ते २ एकर ३ गुंठे वाटेल. पांढरीचं "०-३५" म्हणजे ३५ गुंठे, ते १४ गुंठ्यांवर आलं.

तिन्हींचा हिशेब गुंठ्यात करा. ६५, ११० आणि ३५, बेरीज २१०. म्हणजे ५ एकर १० गुंठे, २,२८,६९० चौ.फू. तुमच्या यादीत हीच तीन शेतं ३.९० "एकर" दिसतात, १,६९,८८४ चौ.फू. या तिघांतच ५४ गुंठे गायब, आणि खरंखुरं रान जागच्या जागी.

आता थोरलं शेत. ते सातबाऱ्यावरून घेतलं म्हणता. सातबारा एकरात नसतो. तिथे १.२१ म्हणजे १ हेक्टर २१ आर. १२,१०० चौ.मी., म्हणजे १,३०,२४३ चौ.फू. तुम्ही त्याला सव्वा एकराच्या आत बसवलंत. खरं क्षेत्र तीन एकराला टेकलेलं आहे.

दोन्ही मिळून ३,५८,९३३ चौ.फू. एकरात म्हणाल तर ८ एकर साडेनऊ गुंठे. काकांना म्हणावं, तुमचं "आठ एकर वर थोडी" बरोबर.

दादर_ज्वारी

बापरे! यादीपेक्षा १,३६,३४१ फूट जास्त. तीन एकर पाच गुंठ्यांच्या आसपास. आता काकांना सांगायचं कुणी, हाच प्रश्न आहे 🙂

पारोळ्याची_लेक

मला एक कळत नाही. समोर नुसतं १.२१ लिहिलेलं दिसलं तर ते एकर-गुंठे आहे की हेक्टर-आर, हे ओळखायचं कसं? माहेरच्या कागदांत सगळं असंच टिंबं देऊन लिहिलंय, एककाचं नावच नाही.

साखळी_३३

एकच खूण सांगतो, आम्ही नवीन पोरांना हीच सांगायचो. टिंबानंतरचा आकडा ४० किंवा त्याहून मोठा असेल तर ते एकर-गुंठे असूच शकत नाही, कारण ४० गुंठे झाले की एकर पूर्ण होतो. १.६५ दिसलं की समजा हेक्टर-आर, नाहीतर कुणीतरी आधीच दशांश एकर करून ठेवलाय. ३९ पर्यंत मात्र दोन्ही शक्य आहेत, तिथे खूण चालत नाही. १.२१ हे १ एकर २१ गुंठेही असू शकतं. तिथे गट नंबर शोधून सातबारा काढायचा, दुसरा इलाज नाही. कागदाचं वयही मदत करतं. दशमान पद्धतीच्या आधीचा उतारा असेल तर एकर-गुंठे, आणि तिसरा आकडा असेल तर तो आणे. १६ आण्यांचा गुंठा.

बिनशेती_माणूस (जळगाव)

अरे हे वाचून माझंही विचारतो. मी १५०० फुटांचा प्लॉट घेतला. सातबारा ऑनलाइन काढला तर क्षेत्र १.३९! मी तर उड्याच मारल्या, १.३९ हेक्टर म्हणजे साडेतीन एकराला थोडीच कमी, चुकून मला जमीनदार केलं म्हणून. बायकोला पेढे आणायला पाठवलं होतं. दुरुस्त करायला अर्ज द्यावा लागेल का, की गप्प बसू?

साखळी_३३

पेढे परत करा. बिनशेती सातबाऱ्यावर एकक आर-चौ.मी. असतं, शेतीच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौ.मी. तुमचं १ आर ३९ चौ.मी. आहे, म्हणजे १३९ चौ.मी., १४९६ चौ.फू. १५०० फूट म्हणजे १३९.३५ चौ.मी. होतात, तो पावशेर मीटर राहून गेलाय. क्षेत्राच्या रकान्यावर एकक छापलेलं असतं, ते आधी वाचत जा.

बिनशेती_माणूस

वाचलं. छापलंय. पेढे खाऊन झाले होते.

तापीआई (शिरपूर)

भो, तुमी सगळा आर-गुंठा करी ऱ्हायनात, आमना गावमा तं अजून बिघा चालस. आमचे आजोबा म्हणायचे आपल्याकडे सात बिघे. बिघ्याचे फूट किती ते कुणी सांगेल का? आमच्या घरात दोन बिघे म्हणजे एक एकर असं धरतात, म्हणजे बिघा वीस गुंठ्यांचा. पण गुजरातकडच्या सोयऱ्यांशी बोलणं झालं तर ते बिघा भलताच सांगतात.

केळीबाग

वीस गुंठेच. आमच्याकडेही तसंच धरतात.

साखळी_३३

मी बिघ्याला आकडा देणार नाही. गावागणिक बिघा बदलतो, आणि तोंडी बिघ्यात कधी बांध धरलेला असतो, कधी नाला सोडलेला असतो. आजोबांचे सात बिघे हे पेरणीच्या हिशेबाचे असतील, मोजणीचे नव्हेत. यादीत बिघा फक्त शेऱ्यात लिहा, क्षेत्राच्या रकान्यात कधीच नको. आठ-अ चा उतारा काढला की खात्यावरचे सगळे गट आणि त्यांची क्षेत्रं एका जागी मिळतात, त्यावरून गणित करा.

तापीआई

बराबर शे. पण आजोबा खोटे ठरायला नकोत इतकंच.

सोसायटीचा_बाबू (चोपडा)

माझा प्रकार वेगळा. सोसायटीच्या सभासदांची यादी आहे, एका गटात पाचसहा खातेदार, आणि गटवार बेरीज पाहिजे. मी SUMIF लावतो. काही गटांची बेरीज शून्य येतेय, काहींची अर्धवट. हिस्सा नंबरचा रकाना बघितला तर एका ठिकाणी 11-Feb लिहिलंय. गावात अशा नावाचा गट नाही, हे मी शपथेवर सांगतो.

साखळी_३३

तो गट 11/2 असणार. एक्सेलने त्याची ११ फेब्रुवारी केली. वाईट म्हणजे खान्याचा प्रकार नंतर बदलला तरी 11/2 परत येत नाही, आत तारखेचा भलामोठा आकडा बसलेला असतो. आधी त्या रकान्याचा प्रकार मजकूर करा, मग नंबर पुन्हा टंका.

शून्य येतं त्याचं कारण दुसरं. तुम्ही क्षेत्र 0.81.00 असं दोन टिंबं देऊन उतरवलं असणार, उताऱ्यावर दिसतं तसं. दोन टिंबांचा आकडा एक्सेलला आकडा वाटतच नाही, तो मजकूर समजतो. बेरजेत मजकूर गुपचूप वगळला जातो, लाल खूणसुद्धा येत नाही. खान्यात आकडे डावीकडे चिकटलेले दिसले तर ओळखा. खरा आकडा आपोआप उजवीकडे सरकतो.

सोसायटीचा_बाबू

हो, अर्धे डावीकडेच आहेत!

साखळी_३३

मग एका रकान्याचा मोह सोडा. हेक्टर, आर, चौ.मी. असे तीन रकाने करा आणि चौथ्यात चौ.मी. काढा. गट A मध्ये आणि क्षेत्र B, C, D मध्ये धरलं तर:

```
=B2*10000+C2*100+D2
```

गटवार बेरीज या E रकान्यावर घ्या आणि बेरीज झाल्यावर एकदाच फुटात न्या:

```
=SUMIF(A:A,"11/2",E:E)*10.7639
```

प्रत्येक खातेदाराचे फूट आधी गोल करून त्यांची बेरीज केली तर गटाच्या क्षेत्राशी दोनतीन फुटांनी जुळत नाही, आणि मग लोक त्या तीन फुटांवरून भांडतात. एक अडचण मात्र राहते. SUMIF ला अवतरणात "11/2" दिलं तरी तो कधी त्याला तारीख समजून शोधतो. मी यादीत हिस्सा 11/2 न लिहिता 11हि2 लिहितो. दिसायला गावंढळ, पण अजून फसलेलं नाही.

जुनं एकर-गुंठ्याचं असेल तर दोन रकाने, एकर B मध्ये, गुंठे C मध्ये:

```
=(B2*40+C2)*1089
```

पारोळ्याची_लेक

गट जुळला की नाही हे कळणार कसं? फूट काढले, बेरीज झाली, पण ती बरोबर कशावरून?

साखळी_३३

त्या गटाच्या सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र चौ.मी. मध्ये शेजारी लिहायचं आणि यादीतल्या खातेदारांची बेरीज त्यातून वजा करायची. शून्य आलं पाहिजे. जवळपास १.२ टक्के फरक दिसला तर कुणीतरी आराला गुंठा धरलाय. यादी अडीच पटीच्या आसपास कमी पडली तर हेक्टरला एकर समजलंय. आणि फरक बरोबर पोटखराबाएवढा निघाला तर पोटखराब राहिलाय किंवा दोनदा घेतलाय. एकूण क्षेत्रात पोटखराब आधीच धरलेला असतो, लोक पुन्हा मिळवतात.

दादर_ज्वारी

दोन दिवस लागले, पण बाकी तिघांचे सातबारे काढले. मळा ०.६६, नाल्याकाठचं १.११, पांढरीचं ०.३५. थोरलं १.२१ आहेच. एकूण ३ हेक्टर ३३ आर. तीन रकाने करून फूट काढले:

थोरलं १,३०,२४३
मळा ७१,०४२
नाल्याकाठचं १,१९,४७९
पांढरीचं ३७,६७४
एकूण ३,५८,४३८ चौ.फू.

पण आजोबांच्या हिशेबाने थोरलं तीन एकर आहे, त्यांच्या वहीत "३-०". म्हणजे वही ८ एकर १० गुंठे, ३,५९,३७० चौ.फू. दोघांत ९३२ फूट फरक. काका विचारतात, हा पाऊण गुंठा कुठे गेला? चुलतभाऊ आता गप्प आहे, तोच बोलेल असं वाटत होतं.

साखळी_३३

कुठेही गेला नाही. एकराचं हेक्टर करताना आर पूर्णांकात लिहिले, खालचे चौ.मी. सोडले. तीन एकर म्हणजे खरं तर १२१ आर ४१ चौ.मी., लिहिलं १२१. ३५ गुंठे म्हणजे ३५ आर ४१ चौ.मी., लिहिलं ३५. नाल्याकाठच्यालाही तसंच, ११० गुंठ्यांचे १११ आर २९ चौ.मी. होतात. मळ्यात उलट झालं, ६५ गुंठ्यांचे ६५ आर ७६ चौ.मी. होतात आणि वर ढकलून ६६ केले. तीन ठिकाणी कमी, एका ठिकाणी जास्त, गोळाबेरीज ९३२ फूट. शेत तेवढंच आहे, बांध हलला नाही.

केळीबाग

मग हे दुरुस्त करून घेता येतं का? फूट ते फूट, हक्काचे.

साखळी_३३

लेखनप्रमादाची दुरुस्ती महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे मागता येते, पण ती खरी नोंदीची चूक असेल तेव्हा. जुन्या आकारबंदाशी ताडून बघा. आकारबंदावरही १.२१ च असेल तर हे गोल करणं आहे, चूक नव्हे. माझा सल्ला विचाराल तर घरच्या वाटणीसाठी आराच्या खाली जाऊ नका. साखळीने मोजताना उन्हाळ्या-पावसाळ्यात बांधाची जाडीच तेवढी बदलते.

दादर_ज्वारी

अजून एक. ३३३ आर भागिले ३ म्हणजे बरोबर १११ आर, आणि नाल्याकाठचं शेत बरोबर १११ आर! सगळे म्हणाले वा, एक हिस्सा तयारच आहे. मोठे काका तेवढ्यात म्हणाले, "ते मला नको." सातबारा नीट बघितला तर त्या १.११ मध्ये ९ आर पोटखराब आहे, नाल्याचा काठ. पिकतं ते १०२.

पारोळ्याची_लेक

बरोबर आहे काकांचं. फुटात समान आणि दादरीच्या पोत्यांत समान, ही वेगवेगळी वाटणी.

दादर_ज्वारी

आणि बाकीचं बघा. थोरलं १२१, मळा आणि पांढरीचं मिळून १०१. म्हणजे थोरल्यातून १० आर काढून द्यावे लागतात, १०,७६४ फूट. ते मळ्याला लागून नाहीत, मधे दुसऱ्याचा बांध आहे.

सोसायटीचा_बाबू

दहा आराचा स्वतंत्र तुकडा करताना तुकडेबंदीचं बघून घ्या, तलाठ्याला विचारा. नाहीतर नोंद होताना अडेल.

दादर_ज्वारी

विचारलं, उद्या बोलावलंय. वडील म्हणतात तुकडा नको, दहा आराचे पैसे देऊन टाकू. पण आराचा भाव कुठला धरायचा, थोरल्याचा की मळ्याचा, यावर घरात दोन मतं झालीत. चुलतभाऊ आता त्याचीही यादी करायला बसलाय. मी त्याला सांगितलं, भाव कशाचा लिहितोस, गुंठ्याचा की आराचा, ते रकान्याच्या डोक्यावर आधी लिही.